फोटोतली पिशवी

शर्वरीने पंखा बंद केला, दाराला कडी लावली आणि मांडीवरच्या रेवाला थोपटलं. पंख्याची घरघर ध्वनिमुद्रणात उतरते, हे पहिल्याच दिवशी कळलं होतं.

"फोटो अडतीस," ती यंत्राला ऐकू जाईल असं म्हणाली. फोटोच्या दोन्ही बाजू टिपून झाल्या होत्या. मागे क्रमांक घातला तो मऊ शिसपेन्सिलीने. पेनाची शाई पुढे उमटते.

टीपॉयवरचं ते यंत्र पुस्तकाएवढं. चाळीस फोटोंच्या आठवणी पोटात गेल्या की ते सांगणाऱ्याची 'वाचाछाया' घडवायचं. माणूस गेल्यावरही त्याच्याच आवाजात, त्याच्याच आठवणींतून उत्तरं देणारी. सासऱ्यांनी आपल्या आईसाठी ते हौसेने मागवलं, आणि प्रश्न विचारायचं काम बाळंतपणाच्या रजेवरच्या सुनेकडे आलं. ती घरीच तर असते!

फोटोत तेविशीतल्या द्वारकाबाई, म्हणजे या समोर बसलेल्या आजी, मांडीवर तान्हे सासरे. हाच मोठा करून दिवाणखान्यात लावलेला.

'हे कोण?' विचारलं की आजी नुसती नावं सांगत. म्हणून शर्वरी आता फोटोच्या कडा बघायची.

"आजी, पायाशी ही पिशवी कसली?"

शर्वरी मनात आकडे मोजू लागली. दहापर्यंत आपण बोलायचं नाही; शांतता आपण भरली की आठवण परत फिरते. सात... आठ...

"दोन साड्या होत्या तीत," आजी म्हणाल्या. "स्टँडसमोरचा स्टुडिओ गं. तिकीट एकीचंच काढलेलं. फोटोवाल्याला म्हटलं, पोराचा फोटो काढा, मी आलेच. तो म्हणतो, बाई, तान्हं पोर एकटं बसतं होय? घ्या मांडीवर. घेतलं. त्याने दिवा उडवला, नि बाहेर बार्शीची गाडी सुटली."

"मग?"

"मग काय? साठ वर्षं तशीच बसलेय."

शर्वरीच्या तोंडून निसटलं, "मलाही वाटतं, आजी. दार उघडावं आणि चालत सुटावं."

यंत्रावरचा दिवा पिवळा झाला. "हे संभाषण वाचाछायेत घ्यायचं?" एका फोटोचं बोलणं ते अखंड ठेवायचं. प्रश्न विचारणारीचा आवाजही त्यातच.

"नको म्हणा," शर्वरी कुजबुजली.

"नको म्हटलं, तर मी गेल्यावर ती छाया तुझ्या सासऱ्याला, माझ्या सुधाकरला, काय सांगेल? 'हौसेनं काढला हो फोटो!' जन्मभर तेच सांगितलं. आता मेल्यावरही तेच?" आजींनी तिचा हात धरला. "तू विचारलंस ना? मग घ्यायचं की नाही, तूच सांग त्याला."

दारावर टकटक झाली. "सूनबाई, माझा फोटो आला का गं?" सासऱ्यांचा आवाज लहान मुलासारखा उतावीळ.

रेवाने झोपेतच आईच्या ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं. दिवा पिवळाच. शांतता भरायची नाही, हे त्या यंत्रालाही शिकवलेलं होतं.

उद्या रेवा मोठी होऊन याच फोटोपाशी थांबली, आणि तिनेही छायेला कडेच्या पिशवीबद्दलच विचारलं, तर?