नाव-गावासकट

राजेश्वरीने ग्रंथालयाच्या कपाटातल्या 'दीनमित्र'च्या बांधलेल्या अंकांना हात घातला, तर दुसऱ्या टोकाला आधीच एक हात होता. सोडायला कुणीच तयार नव्हतं.

"जपून... कागद जुना आहे," तो हसून म्हणाला. "भांडण तेवढं नवीन आहे."

शेवटी दोघं एकाच टेबलावर बसले. तो भिंगारचा जोएल भिंगारदिवे. नगरहून निघालेल्या मिशनच्या 'ज्ञानोदय'वर त्याचा अभ्यास चालला होता. ती सोनईची, वृत्तपत्रविद्या शिकणारी. तिच्याच नेवासा तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून सत्यशोधकांचा 'दीनमित्र' निघायचा, याचा तिला भारी अभिमान.

पण अशा जुन्या वृत्तपत्रांवरचा तिचा निबंध मॅडमनी परत केला होता. त्यांचा सवाल होता, तेव्हा वाचता येणारे मूठभर, मग पत्रांनी समाज बदलला कसा? सोमवारी उत्तर नाही दिलं, तर विषयच बदलायचा. राजेश्वरीला रडू यायचं बाकी होतं.

"आमची आजी मिरजगावची," जोएल म्हणाला. "ती सांगते, एकजन वाचायचा अन् सारी वस्ती ऐकायची. मंग लई भांडनं व्हायची."

राजेश्वरीची पेन्सिल थांबली. म्हणजे पत्र वाचलं कमी जायचं, ऐकलं जास्त!

त्या आठवड्यात दोघांनी अंक पालथे घातले. मुलींच्या शाळेवर एक वृत्तपत्र लिहायचं, दुसरं त्यावर तुटून पडायचं, तिसरं दोघांना उत्तर द्यायचं. वाद पेटला की ऐकणारे वाढायचे. वाचकांची पत्रं यायची, पुष्कळशी टोपणनावाने. पण भटजीशिवाय लग्न लावलं, तर त्याची बातमी नाव-गावासकट यायची. ती ऐकून पुढच्या गावाला धीर यायचा. तिच्या निबंधाचा कणा तिथेच सापडला. मत कुणीही टोपणनावाने मांडेल. सुधारणा मात्र नाव सांगणाऱ्यांनी केली.

सोमवारी मॅडमनी निबंध ठेवून घेतला. बाहेर टपरीवर राजेश्वरीने दोघांसाठी चहा सांगितला. आता एका टेबलावर बसायला कारण उरलं नव्हतं, आणि ते तिला अजिबात आवडलं नव्हतं.

जोएल कपाकडे बघत म्हणाला, "एका मुलाला ना... एक मुलगी आवडते. तिच्या घरचे त्याला चर्चवाला म्हणतील, म्हणून तो गप्प आहे."

"कोण मुलगा?"

"आहे एक वाचक."

"टोपणनावाचं आम्ही छापत नाही," ती म्हणाली. आवाज अगदी संपादकाचा होता.

टपरीवाला कान देऊन ऐकत होता. बाकावरचे दोघे म्हातारेही वळले. जोएलने कप खाली ठेवला.

"जोएल एलिया भिंगारदिवे. राहणार भिंगार. मला तू आवडतेस."

कान तापले होते, पण तिने मान खाली घातली नाही. बाकावरच्यांनाही ऐकू जाईल अशा बेताने ती म्हणाली,

"राजेश्वरी रंगनाथ दरंदले. मुक्काम पोस्ट सोनई. मलाही."