एकोणिसाव्या पत्राविषयी

ती. काका आणि ताई,
सा. न.

सोबत आजीनं मावशीआजींना लिहिलेल्या एकतीस पत्रांची टंकलेली प्रत पाठवत आहे. मावशीआजींच्या सूनबाईंनी त्यांच्या कपाटातून काढून दिलेला गठ्ठा तो हाच. मूळ पत्रं माझ्याजवळ आहेत. ताईच्या मुलांना हाताचं अक्षर लागत नाही, म्हणून छापील हवं, असं ती म्हणाली होती. काका, तुम्ही फोनवर एकच विचारलंत: "बाकी सगळं राहू दे. तिनं मला परत बोलावलं होतं का, एवढं बघ." तुमचं पुढच्या महिन्याचं आजीच्या या घरी यायचं तिकीट काढून झालंय हे मला माहीत आहे. म्हणून प्रत वाचण्याआधी ही चिठ्ठी वाचावी.

आधी प्रत कशी केली ते सांगते. रोज सकाळी आंघोळ, दिवा, जप, आणि मग एकच पत्र. ते होईपर्यंत माझं मौन असतं, त्यामुळे कामात खंड पडत नाही. पहिल्या दिवशी देवासमोर ठरवलं की डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहायचं, मनाला वाटेल ते नाही. आजीचं शुद्धलेखन तिचं तसंच ठेवलं आहे. तिनं खोडलेले शब्द खोडलेलेच दिसतील. ती अक्षरांवर रेघ देत नसे आणि दोन शब्दांत जागा सोडत नसे, तेव्हा शब्द कुठे तोडायचा हे बरेचदा मला ठरवावं लागलं. चौकटी कंसात प्रश्नचिन्हासह जे आहे तो माझा अंदाज. नुसते ठिपके म्हणजे वाचता आलं नाही. जितके ठिपके तितकी अक्षरं असावीत. एखादं अक्षर अडलं की त्याच पत्रातलं, शक्य तर त्याच ओळीतलं, नक्की लागलेलं अक्षर शेजारी धरून पाहिलं. घडीवर शाई झिजली आहे तिथे कागद उजेडासमोर धरला, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर टॉर्च टेबलाला आडवी टेकवली. तिरप्या उजेडात निबाचे चर दिसतात.

सगळं लिहून झाल्यावर ताळा केला. रोज सकाळी मूळ पत्र आमचे हे मोठ्यानं वाचायचे आणि मी माझ्या प्रतीवर बोट ठेवून बसायचे. यांनी बत्तीस वर्षं पोस्टात काढली, कोणाचंही अक्षर लागतं. "तुझी आजी पूर्णविराम विकत आणत होती की काय? एवढी काटकसर!" असं रोज एकदा म्हणायचे. मी मौनात, त्यामुळे उत्तर मिळायचं नाही, आणि त्यांना तेच आवडायचं.

आता माझी चूक.

आजी तारीख आणि महिना घालते, वर्ष घालत नाही. म्हणून मी पत्रांचा क्रम मजकुरावरून लावला. तुम्ही सहा वर्षांचे असताना तापातून उठलात आणि हवापालटासाठी दोन महिने मावशीआजींकडे गेलात, ते तिथलेच झालात, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक. तेव्हा ज्या पत्रांत आजी "तो आज दोन घास जास्त जेवला", "तो मागच्या खोलीत एकटाच खेळतो", "त्याचं डोकं फडताळाच्या दुसऱ्या फळीला लागतं" असं लिहिते, ती अशी नऊ पत्रं मी सुरुवातीला ठेवली, तुम्ही जाण्याआधीची म्हणून. कोणीही असंच केलं असतं. आई मुलाबद्दल लिहिते आहे, मूल घरात आहे. त्यात शंका कसली?

ताळ्याच्या चौथ्या दिवशी हे वाचता वाचता थांबले. कागद उलटा केला, भिंग मागितलं.

"हा क्रम कोणी लावला?"

मी स्वतःकडे बोट दाखवलं.

"शिक्के बघितलेस?"

मी नकारार्थी मान हलवली. ही घडीची निळी पत्रं, म्हणजे पाकीट वेगळं नाही, ज्या कागदावर मजकूर त्याच्याच पाठीवर शिक्का. एकाचं दुसऱ्यात जायचा प्रश्नच येत नाही. यांनी नऊच्या नऊ पत्रं खिडकीत नेली. निघाल्याचा एक शिक्का, पोचल्याचा एक. सहा पत्रांवर वर्ष स्वच्छ आहे, दोनांवर निम्मं, एकावर काही नाही.

"ही सगळी नंतरची आहेत. पहिलंच बघ, काका तिकडे जाऊन सात महिने झालेत."

मी मौन मोडलं. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, "शिक्का चुकीचा बसला असेल."

"एक चुकेल. दोन गावचे बारा शिक्के ठरवून चुकतील होय? अगं, शिक्का मारणाऱ्याला तुमच्या घरचं काय पडलंय?"

मग वाटलं, "तो" म्हणजे माझे बाबा असतील. पण बाबांचा जन्म तुम्ही गेल्यावर दोन वर्षांनी. आणि चौदाव्या पत्रात दोघंही आहेत: "धाकटा रांगत त्याच्या मागे जातो. तो दार लोटून घेतो. धाकटा रडतो." इथे एकही अक्षर शंकेचं नाही, काका. शंकेचं असावं म्हणून मी ते तीन दिवस पाहिलं.

तुम्हाला आता मिळणारी प्रत शिक्क्यांच्या क्रमानं आहे.

बाबा याबद्दल कधी बोलले नाहीत. फक्त मागच्या खोलीचं दार ते उघडण्याआधी वाजवायचे. आम्हाला वाटायचं, जुन्या माणसाची सवय. ताई, तू लहानपणी आली होतीस तेव्हा आपल्या या धाकट्या काकांना हसली होतीस, "काका, आत कोण बसलंय?" म्हणून. तेही हसले होते.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर एकोणिसाव्या पत्रात आहे, पण ते शाईत नाही.

वरचा मजकूर साधा आहे. पाऊसपाणी, औषध, लोकर मिळाली. टॉर्च आडवी धरल्यावर मात्र ओळींच्या मधून दुसऱ्या ओळी दिसल्या, बिनशाईच्या. आजी कोऱ्या पत्रांच्या थप्पीवरच लिहायची. वरच्या कागदावर निब दाबून लिहिलं की खालच्यावर चर उमटतात. म्हणजे याच्या आधी एक पत्र लिहिलं गेलं आणि ते गठ्ठ्यात नाही. टाकलंच नसावं. चर पुसट आहेत आणि शाईच्या ओळींखाली जातात, म्हणून टॉर्च चारी बाजूंनी फिरवून चार वेळा वाचलं. दोनदा तरी तेच लागलं तेवढंच घेतलं. ते असं:

"तू म्हणतेस तो [रोज?] दारात बसतो आणि आई कधी नेईल विचारतो . . . . . मी कशी नेऊ. माझ्याजवळ राहिला तोही माझाच, तुझ्याकडे आला तोही माझाच . . . तापाच्या [रात्री?] नंतर सकाळी दोघे होते, एक अंथरुणात, एक [फडताळा?]पाशी . . . . . . . कोणता पाठवला मला सांगता येत नाही. इकडे आणू नकोस. त्यांनी एकमेकांना [पाहिलं?] तर . . . . ."

शेवटचे पाच ठिपके मी सोडवू शकले नाही. हे म्हणाले, "लिहावं काहीतरी बरं वाटेलसं. म्हातारा माणूस आहे, कोण तपासायला येतंय?" मला मोह झाला. दिवसभर उठत बसत होते, जपात चित्त नव्हतं, माळेचे मणी दोनदा चुकले. "आजीला तुमची आठवण यायची" एवढं खरंच आहे, ते लिहायला काय हरकत होती? पण पाच ठिपक्यांत ते बसत नाही. काका, तिनं बोलावलं नाही. नको होतात म्हणून नव्हे. तेवढं मात्र कंसाशिवाय लिहिते.

येऊ नका. तिकीट परत करा.

परवा फोनवर हे तोंडानं सांगायला गेले तर तुम्ही म्हणालात, "मोठ्यानं बोल गं, देव बहिरा नसेल, मी आहे." मोठ्यानं बोलवेना. मागच्या खोलीचं दार उघडं होतं.

शेवटच्या पत्राबद्दल एक टीप राहिली. हे तुम्ही गेल्यावर बावीस वर्षांनी लिहिलेलं. त्यात आजी म्हणते, "डोकं अजून दुसऱ्या फळीलाच लागतं." वाचन नक्की. त्याच्या मागच्या कोऱ्या घडीवर शिसपेन्सिलीनं मुलाच्या हाताची एक ओळ आहे. ती मी आधी हिशेबात धरली नव्हती. वाटलं, कोणा नातवंडानं गिरवलं असेल. मावशीआजींच्या गठ्ठ्यात तुमचा पहिलीतला लेखनाचा एक कागद निघाला, तो शेजारी ठेवला. वळण एकच आहे.

ताई, पहिल्या आठवड्यात मी तुला या पानाचा फोटो पाठवला होता. तो उघडून बघ. त्यात फक्त "मी" आहे.

ताळ्याच्या दिवशी यांनी वाचलं, "मी ये". मी प्रतीत तसं दुरुस्त केलं. वाटलं, फोटोत उजेड कमी पडला असेल.

पत्रं तेव्हापासून लोखंडी कपाटात आहेत. किल्ली माझ्याजवळ.

गुरुवारी काढून पाहिलं. "मी येतो".

म्हणजे तुम्ही न आल्यानं काम भागेल, असं आता मला खात्रीनं म्हणता येत नाही. मूळ पत्रं तुम्ही परवा मागितली होतीत, ती मी पाठवणार नाही. मात्र याचा उपयोग होईल की नाही, कळत नाही.

आज सकाळी ही चिठ्ठी लिहिण्याआधी पुन्हा पाहिलं. शब्दांच्या खाली आकडे सुरू झाले आहेत. मोठे, सावकाश काढलेले.

पाकिटावर लिहायला मी तुमचा पत्ता समोर ठेवला आहे. तुमच्या घराचा नंबर चार आकडी आहे. पहिले दोन जुळतात.