यापुढे ही भूमिका

धाकटी त्या दुपारी स्टुडिओत गेली ती एक वाक्य बोलायला. कामच ते तिचं. मालिकेच्या सुरुवातीला "आतापर्यंत आपण पाहिलंत" म्हणणारा आवाज तिचा, आणि मालिकेतली वहिनी म्हणजे तिची सख्खी थोरली बहीण. घरात गंमत चालायची, एकीचा चेहरा विकला जातो, दुसरीचा गळा.

थोरली गेली. तापाचं निमित्त झालं आणि हां हां म्हणता गेली. पण मालिकेचे भाग आधीच चित्रित करून ठेवलेले असतात. त्यामुळे ती गेल्यावरही कितीतरी संध्याकाळी पडद्यावर येत राहिली, हसत राहिली. अंथरुणाला खिळलेली आई रोज ते बघायची. तिला सांगायला धाकटीची जीभच रेटली नाही. "ताई शूटिंगमध्ये अडकलीय गं," एवढंच. आणि पडद्यावर रोज दिसणारी लेक मेली असेल असं कुठल्या आईला वाटेल? मालिकेने श्रद्धांजलीची पाटी दाखवली त्या संध्याकाळी धाकटीने केबलची वायरच काढून ठेवली होती.

साठवलेले भाग संपले, तशी मालिकेत वहिनी परदेशातल्या भावाकडे गेली. म्हणजे घरातली माणसं तिच्याशी फोनवर बोलत, पलीकडचा आवाज कुणाला ऐकू येत नसे. पण असं किती दिवस रेटणार?

"वहिनीला मारता येत नाही," निर्माता म्हणाला. तोही रडलेला होता, खोटं कशाला बोला. "सगळी गोष्ट तिच्या खांद्यावर आहे. कुणाचे करार संपतात, कुणाला दिवस जातात, कुणाला सिनेमा मिळतो, माणसं बदलतातच. लोक आठवडाभर कुरकुरतात, मग नव्या चेहऱ्यालाच वहिनी म्हणतात."

"आणि लोकांना सांगणार कसं?"

"पुष्कळदा सांगतही नाहीत. दार उघडतं, नवं माणूस आत येतं, कुणी काही विचारत नाही. कधी अपघात, तोंडाला पट्ट्या, पट्ट्या सोडल्या की नवा चेहरा. पण तुझ्या ताईच्या बाबतीत असलं काही नको. नवी बाई दारात येईल, चित्र थांबेल, खाली नावाची पट्टी आणि वर तुझा आवाज. तूच बोल. दुसऱ्या कुणाला सांगायचं माझ्या जिवावर येतं."

सेटवर भिंतीवरचे फोटोसुद्धा बदलले होते. लग्नातल्या फोटोत नवऱ्याशेजारी आता नवी बाई उभी होती.

धाकटीने काचेमागे उभं राहून वाक्य म्हटलं. "वहिनीच्या भूमिकेत यापुढे दिसतील…" आणि त्या बाईचं नाव. आवाज जरासुद्धा हलला नाही.

"छान," रेकॉर्डिस्ट म्हणाला, "पण सुरुवातीला 'हं, चला' म्हणालात ते कापतो."

धाकटीने कानावरचे हेडफोन काढले. ती काही म्हणालीच नव्हती. कॅमेऱ्यासमोर उभं राहताना "हं, चला" म्हणायची सवय थोरलीची.

तो भाग लागायच्या संध्याकाळी वायर पुन्हा काढता आली असती. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? आज आईला सांगायचंच, आपल्या तोंडाने, पट्टी यायच्या आत. धाकटी पलंगाशी बसली. "आई, ताई…"

पडद्यावर दार उघडलं. नवी बाई उंबऱ्यात थांबली. आणि धाकटीचाच आवाज खोलीत घुमला. "हं, चला. वहिनीच्या भूमिकेत यापुढे दिसतील…"

ते तर कापलं होतं!

आईने तिचा हात धरला. "रडू नकोस. मला ठाऊक आहे."

"कधीपासून…?"

"ती गेली त्याच संध्याकाळी येऊन सांगून गेली. रोज येते, मालिका संपली की. या खुर्चीत बसून तोंडाचा रंग पुसते. म्हणाली, धाकटीला कळू देऊ नकोस तुला माहीत आहे ते. बिचारी तुझ्यासाठी किती खोटं बोलतेय."

धाकटी आईच्या कुशीत शिरून ढसाढसा रडली. इतक्या दिवसांचं साचलेलं सगळं बाहेर आलं. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"कालच म्हणाली, आता मला येता यायचं नाही, आई… काम दुसरीकडे गेलं." आईचा स्वर खाली आला. "मी म्हटलं, मग माझ्याशी कोण बोलणार? तर म्हणाली, खुर्ची रिकामी नाही ठेवत. माणूस ठरवलंय…"

"कोण माणूस?"

आई नुसती तिच्याकडे बघत राहिली, मायेने, डोळे भरून.

धाकटीने खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीखाली कापसाचा बोळा पडला होता. तिने उचलला. चेहऱ्याच्या रंगाने माखलेला, तेलाने अजून ओला. त्या घरात रंग लावणारं आता कुणी नव्हतं.

"थोरले," आई हळूच म्हणाली, "दमलीस का गं? ये, बस."

मी धाकटी आहे आई, असं म्हणायला तिने तोंड उघडलं. बाहेर आलं ते एवढंच.

"हं… चला."