पत्र खालून कापतात

सत्य आणि प्रेम यांना मर्यादा नसते. वाचकांच्या पत्रांना असते. दीडशे शब्द, खाली नाव, पत्ता आणि फोन नंबर.

वर्तमानपत्रात हे पान सांभाळणाऱ्या तिला ऑफिसात सगळे पत्रवाली म्हणत. खड्डे, भटकी कुत्री आणि नव्या पिढीची भाषा यांवरचा लोकांचा संताप कापूनकापून ती इतकी दमली होती, की तिला स्वतःला संताप येणंच बंद झालं होतं. वय चौतीस. डोळ्यांखाली थोडी सावली. अशा स्थितीत एका मंगळवारी दुपारी एक माणूस तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. बाहेर पाऊस होता, पण त्याची पिशवी कोरडी आणि उजवी बाही चिंब होती. छत्री कोणावर धरली होती ते उघड होतं.

"माझं पत्र छापलं नाहीत," तो म्हणाला. रागाने नव्हे. बस चुकल्यावर माणूस बोलतो तसा.

"फोन नंबर नव्हता."

"पत्ता होता."

"पत्त्याला फोन लावता येत नाही. पत्र तुमचंच आहे ना, हे आम्ही विचारून घेतो. मागे एकाने शेजाऱ्याच्या नावाने शेजाऱ्याच्याच विरुद्ध पत्र पाठवलं होतं."

"छापलं?"

"जवळजवळ. फार छान लिहिलं होतं."

तो हसला... म्हणजे ओठांची एक बाजू हलली. दुसरी बहुधा थकली होती.

तो कॉलेजात प्राचीन भाषा शिकवायचा. रविवारच्या स्तंभलेखकाने धीराबद्दलचं ते प्रसिद्ध वचन, जे प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर असतं, मूळ धर्मग्रंथातलं म्हणून दिलं होतं. ते तिथलं नाही, नंतरच्या नीतिसंग्रहातलं आहे, एवढंच पत्रात म्हटलं होतं. शिवी नाही, उपदेश नाही. असं पत्र तिच्याकडे फार दिवसांत आलं नव्हतं.

अडचण एकच होती. स्तंभलेखक म्हणजे तिचे भावोजी, आणि ती राहायची त्यांच्याच घरी, मागच्या खोलीत.

तिने पद्धतीप्रमाणे त्यांना फोन लावला. "भावोजी, त्या वचनाचा संदर्भ कुठला?"

"अगं, सगळ्यांना माहीत आहे ते."

"अध्याय कुठला?"

"तू माझी मेहुणी आहेस की परीक्षक?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

"काय म्हणाले?" त्याने विचारलं.

"सगळ्यांना माहीत आहे म्हणाले. म्हणजे कुणीच तपासलेलं नाही. चला."

ऑफिसच्या संदर्भकक्षात धुळीचा आणि जुन्या डिंकाचा वास होता. मूळ ग्रंथाच्या शेवटच्या खंडात ओळींची सूची होती, प्रत्येक ओळीच्या पहिल्या शब्दावरून लावलेली. भाषांतरावरून शोधून उपयोग नव्हता, मूळ ओळ लागते. ती त्याला पाठ होती. त्याने ती हळू आवाजात म्हटली. वचनाचा पहिला अर्धा भाग सूचीत नव्हता, मग तिने दुसरा अर्धा शोधला, कारण लोक बरेचदा ओळ मधूनच उचलतात. तोही नव्हता. तळटीपांतल्या पाठभेदांवरूनही तिने बोट फिरवलं. त्याचं बोट पुढच्या पानावर तिच्या बोटाची वाट बघत थांबलं होतं.

"नाहीये," ती म्हणाली. "आता तुमचा नीतिसंग्रह काढा."

"माझा कशाला? मी तो शिकवतो."

"म्हणूनच."

त्याने खंड काढला. सूची चाळली. मग शेवटची पानं उघडली. वचन होतं, पण परिशिष्टात. फक्त एका उशिराच्या हस्तलिखितात सापडलेलं. संपादकाने मुख्य पाठाबाहेर काढून शेरा मारला होता: मागाहून घातलेलं, ग्राह्य नाही.

"मी वर्षानुवर्षं वर्गात सांगतोय, की हे या संग्रहातलं आहे," तो म्हणाला. आवाजात चीड नव्हती, नुसता शीण होता. "माझ्या गुरुजींनी सांगितलं होतं. त्यांनीही सूची बघितली नसणार."

"पत्र आहे तसंच छापू? कुणाला कळणार नाही."

"तुम्हाला कळेल ना."

तिने मान खाली घातली. तिला काही कळलं म्हणून कुणी काही बदललं, असं तिच्या आयुष्यात फारसं घडलेलं नव्हतं.

तो तिथेच बसून नवं पत्र लिहू लागला. आपली चूक त्याने शेवटी टाकली होती.

"वर घ्या ती," ती म्हणाली. "जाहिरात आली की पत्र खालून कापतात."

"मग फोन नंबरही वरच लिहितो."

"तो छापत नाहीत."

"माहीत आहे," तो म्हणाला. "तो छापायला नाहीच..."

तिने कागद घेतला. कान गरम झाले होते. पंख्याने त्यात काही फरक पडला नाही.

पत्र तिला स्वतःला निवडता येणार नव्हतं. स्तंभलेखक माझे नातेवाईक आहेत असं वर लिहून तिने ते मुख्य उपसंपादकांकडे दिलं. त्यांनी वाचलं, भावोजींना उत्तर द्यायचं असल्यास दोन ओळी मागवा म्हणाले आणि पान मंजूर केलं. मथळा त्यांनीच दिला.

संध्याकाळी भावोजी ताटावरून उठले नाहीत, पण बोलले. "घरातली भांडणं पेपरात नेणार तू?"

"भांडण नाहीये. संदर्भ आहे. तुमच्या दोन ओळी उद्यापर्यंत चालतील."

"माझ्या दोन ओळी अशा, की ते पत्र छापलंस तर मागची खोली मला लागेल. पुस्तकं ठेवायला."

"अहो, काय बोलताय," ताई म्हणाली, आणि बहिणीकडे वळून हळूच, "नाही छापलंस तर काय बिघडेल गं? एक ओळ इकडची तिकडे."

तिला ताईचंही पटत होतं, हीच पंचाईत होती. मागच्या खोलीत पलंगावर बसून ती विचार करत राहिली. पत्र काढून घ्यायला एक फोन पुरे होता. पण मग त्या भिजल्या बाहीच्या माणसाला सांगायचं काय... की स्वतःची चूक वर घेण्याइतका धीर तुमच्यात होता, आणि माझ्यात नव्हता?

तिने फोन केला, तो त्याला.

"परवा छापून येतंय," ती म्हणाली. "आणि मला खोली बघायची आहे. भाड्याची."

मग तो म्हणाला, "माझ्या इमारतीत वरचा मजला रिकामा आहे. जिना फार आहे."

"दमायची सवय आहे मला."

"मलाही. म्हणून म्हणतो... दोघं जरा सावकाश चढू."

"हे तुम्ही खोलीबद्दल बोलताय?"

"सुरुवात खोलीपासून."

ती हसली. मग म्हणाली, "बरं." त्या एका शब्दाला तिने कुठेही कात्री लावली नाही.

ताईने सामान बांधायला मदत केली आणि उशा स्वतःच्या हाताने दिल्या. भावोजी दाराशी आले, "येत जा," म्हणाले आणि पेपर उघडून बसले.

ते पत्र छापून आलं, पूर्ण. त्यावर वाचकाचा एकच फोन आला. शब्दकोड्याचं उत्तर द्यायचं राहिलंय, असं त्याचं म्हणणं होतं.