चष्मेवाल्यानं ठेवलेलं नाव

स्कूटर त्याच्याच दुकानापुढे बंद पडली, यात माझा काडीचाही हात नव्हता. घरात अजून लोक माझ्याकडे बघून हसतात, म्हणून आधीच सांगून ठेवते.

वडिलांचं इस्त्रीचं दुकान होतं. कपडे घरोघर पोचवायचं काम माझं. मागे गाठोडं, वरून पावसाची भुरभुर... आणि ही बया ऐन चौकात रुसली. मी किका मारून घामाघूम, तेवढ्यात चष्म्याच्या दुकानातून एक काडीसारखा माणूस बाहेर आला.

"मदत करू?"

"स्कूटरमधलं कळतं?"

"नाही."

"मग गाठोडं धरा."

धरलं बिचाऱ्यानं. मी स्कूटर इंजिनाच्या बाजूला कलवली, चोक ओढला, एक किक... निळा धूर सोडत ती जागी झाली.

"नाव काय?" त्यानं विचारलं.

"कशाला हवंय?"

"स्कूटरचं विचारतोय," म्हणाला. पण बघत होता माझ्याकडेच, मेला!

नावाचंच तर दुखणं होतं. वडील तिला राणी म्हणायचे, भाऊ भंगार. वडील सुट्टीभर तिच्यापाशी बसायचे म्हणून आई म्हणायची सवत. भावाला नवी गाडी हवी होती आणि रविवारी गिऱ्हाईक येणार होतं. माझा तर जीव अडकला होता तिच्यात. वडील म्हणाले, "नाव ठेवलेलं कोकरू विकवत नाही. रविवारपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एक नाव बसव, गाडी ठेवतो."

हे सगळं मी त्या परक्या माणसाला का सांगितलं, देव जाणे. पण दुसऱ्या दिवसापासून मी दुकानावरून गेले, की तो दारात हजर.

"तुफान!"

"चढावर गोगलगाय हिच्यापुढे जाते."

"कोकिळा?"

"कोकिळेला असा दमा असतो होय?"

"मग... लाजरी?"

"तुम्ही डोळे न तपासता चष्मा देता का हो? मग हिला न चालवता नाव कसं ठेवता?"

"शिकवा की," तो म्हणाला. असा हळू म्हणाला, की मी हो म्हणून बसले.

शनिवारी दुपारी मैदानावर गेलो. पठ्ठ्यानं गरम इंजिनाला चोक ओढला आणि किकांवर किका मारल्या. पेट्रोलचा घमघमाट!

"पोट भरलेल्याला वाढताय कशाला? ओकेल ती," मी ओरडले. पेट्रोलचा नळ बंद केला, प्लग खोलला. ओलाकच्च. पुसायला फडकं शोधतेय, तर त्यानं चष्म्याच्या काचा पुसायचा मऊ रुमाल पुढे केला. काळा झाला तो रुमाल. बोटाला बोट लागलं...

"चटका बसेल," मी म्हणाले.

"बसलाच," तो म्हणाला.

प्लग बसवला, चोक आत, एक्सलेटर पूर्ण पिळून चार किका – सुरू! मी मागे बसले. पडला तर धरायला, दुसरं काही नाही. आता त्याला तिचे एकेक गुण कळायला लागले. उभी असताना हॉर्न नुसता पुटपुटायचा, एक्सलेटर पिळला की खणखणीत. मनगट सैल पडलं की दुसरा गिअर सुटायचा. एक्सलेटर सोडला की 'फट्'! आणि तापली, की चावी बंद केल्यावरही 'डुग... डुग...' करून मगच गप्प.

तो एकदम हसत सुटला. "अहो, ही तर माझी थोरली बहीण! सकाळी उठवली की चिडचिड. बसून पुटपुटणार, कामाला लागली की आवाज चढणार. लक्ष ढळलं की हातून निसटणार. आणि गप्प बस म्हटलं तरी वर दोन शब्द तिचेच. पण मला लहानाचा मोठा तिनंच केला. ताई म्हणा हिला, ताई."

मी घरी तेवढंच सांगितलं. रविवारी पावसाचे थेंब पडले तशी आई ओरडली, "अरे, ताईला आत घ्या, भिजेल!" भाऊ उठला, "ताईचं स्टँड अडकलंय," म्हणत ढकलायला लागला. वडिलांनी दोघांकडे पाहिलं आणि दारातल्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "ताई द्यायची नाही."

मी तडक चष्म्याच्या दुकानावर.

"राहिली?" तो धावत बाहेर आला.

"राहिली. घरात सगळे ताई म्हणतात. मी सोडून."

त्याचा चेहरा उतरला. "तुम्हाला... नाही आवडलं?"

"तुमची बहीण ना ती? मग मी ताई म्हणून कसं चालेल?"

"म्हणजे?"

जगाला चष्मे विकायचा, स्वतःला दिसत काही नव्हतं! मी किकवर पाय ठेवला आणि स्कूटरच्या कानाशी लागून, पण त्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "उठा, वन्सं. तुमच्या भावाला काही कळत नाहीये."

"वन्सं?" तो पुटपुटला. सुनेनं नणंदेला मारायची ती हाक... मग कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. "पुन्हा... पुन्हा म्हणा ना."

"आता माझ्या वडिलांसमोर," मी म्हणाले आणि एक्सलेटर पिळला – चांगला मोठ्यानं. माझ्या छातीतली धडधड त्याला ऐकू गेली असती ना!