कुंडाला सांगितलेलं स्वप्न

पौषातल्या सकाळी सव गावच्या ऊन पाण्याच्या कुंडांवर अशी दाट वाफ धरायची, की पलीकडच्या काठावर धुणं आपटणारी बाई दिसायची नाही, नुसता आपटण्याचा आवाज यायचा. गंधकाचा वास, ओल्या दगडाचा वास, चुलीवर भाजणाऱ्या तांदळाच्या भाकरीचा वास. तुळसाचं माहेर म्हणजे हे सगळं. पहिलटकरीण ती. कुडपणच्या डोंगरावरून सासूनं सोबत देऊन तिला खाली पाठवलं, तेव्हा पोलादपूरला एस्टीत बसल्यापासूनच तिच्या नाकात तो वास घुमायला लागला होता. नवरा सहदेव मुंबईला गिरणीत. त्यानं निरोप धाडला होता : जपून राहा, होळीला येतो.

माहेरी सारं होतं. आई प्रयागबाई होती, भाऊ होता, वहिनी आवडी होती. झोप मात्र राहिली नव्हती. आठवा महिना. कूस बदलायची तर आधी उठून बसावं लागे. रात्रीतून चारदा लघवीला जायचं, मध्येच पोटरीत गोळा यायचा, तो उतरतो न उतरतो तोच पोटातलं बाळ लाथ मारायचं. आणि एकदा जाग येऊन दुसऱ्यांदा येईपर्यंत जेवढा म्हणून डोळा लागे, तेवढ्यात स्वप्न. साधंसुधं नाही. रंग असे, की जागेपणी पिवळा कधी एवढा पिवळा वाटू नये. कधी सावित्री नदीचं पाणी उंबऱ्यावरून आत यायचं आणि तिच्या ओच्यात जिवंत मासे वळवळायचे. कधी पाळण्यात मांजरीचं पिल्लू असायचं आणि तिला त्याचं काहीच नवल वाटायचं नाही. एकदा तर बाळ जन्मतःच दातांसकट आलं आणि म्हणालं, "आये, भाकर दे."

आवडीला तर रोजची करमणूक झाली. सकाळी चूल पेटवता पेटवता विचारायची, "काय वन्सं, आज कोण झालं? मांजर का मासळी?"

"आज मासळी."

"बरं झालं. कालवणाची सोय झाली!"

दोघी हसत. प्रयागबाई रागे भरे, पण पदराआड तीही हसे.

मग एका पहाटे वेगळंच स्वप्न पडलं. स्वप्नात तुळसा बाळाला पाजत होती. कुणी तरी हाक मारली म्हणून तिनं त्याला तांदळाच्या कणगीत ठेवलं, कामाला लागली, आणि विसरली. सबंध दिवस विसरली. आठवण झाली तशी धावत सुटली आणि कणगीशी पोचायच्या आतच पायात गोळा येऊन जाग आली. उठून आधी कणगीत हात घालून बघितलं तिनं. तांदूळ होते, गार.

तिचा चेहरा पाहूनच आई म्हणाली, "बोलू नको. कुणापाशी बोलू नको. आधी वाहत्या पान्याला सांग. पानी घेऊन जातं."

त्या भागातली ही जुनी चाल. वाईट स्वप्न माणसाच्या कानी पडण्याआधी नदीच्या कानी घालायचं. तुळसा निघाली. पण नदीची उतरण लांब, पाय सुजलेले, पोट जड. कुंडापाशी दम लागला. पाणी ते पाणीच, असं मनाशी म्हणून ती काठच्या धुण्याच्या दगडावर टेकली आणि वाफेत तोंड घालून सगळं स्वप्न हळू आवाजात सांगून आली.

दुसऱ्या पहाटे स्वप्नात कणगी नव्हती. त्या दगडावर तिनं बाळ ठेवलं होतं. पिळे घेऊन घरी आली, धुणं वाळत घातलं, आणि मग आठवलं. धावली. वाफेतून दगड दिसला. बाळ खाली नव्हतं. दगडावर कुणी तरी बाई पाठमोरी बसली होती, मांडीवर बाळ घेऊन, अंग डोलवत. तुळसा हाक मारणार… आणि जाग आली. पोटात बाळ जोरजोरानं ढुशा देत होतं.

आता मात्र तिनं आईला सांगितलं. प्रयागबाईच्या हातातलं सूप खाली आलं.

"कुंडाला सांगितलंस? अगो, कुंडाचं पानी जातं कुठं? तितंच उकळतं, तितंच ऱ्हातं!"

पुढं रोज तेच. ठेवायची, विसरायची, धावायची, आणि पोचण्याआधी जाग. तुळसा जेवेनाशी झाली. बाळ जिवंत हाती येईल ना, एवढाच एक घोर. भावानं बैलगाडी जुंपून तिला महाडला दवाखान्यात नेलं. तिथली नर्स चंद्राबाई पुण्याकडची, बोलायला मऊ. पोट तपासलं, नळी लावून ठोके ऐकले, सुजेला पाय उंच ठेवून कुशीवर निजायला सांगितलं आणि मग स्वप्न पुरतं ऐकून घेतलं.

"इथे येणारी दर दुसरी बाई मला हेच सांगते," ती म्हणाली. "पाणी, मासे, मांजरं, बोलणारं बाळ. आणि ठेवून विसरलेलं बाळ तर सर्वांत जास्त. स्वप्नं सगळ्यांनाच पडतात, पण सलग झोपणाऱ्याची सकाळपर्यंत विरून जातात. तुझी झोप सारखी मोडते. स्वप्न चालू असतानाच जाग येते, म्हणून ते जसंच्या तसं लक्षात राहतं. शरीरही बदलतंय, आणि मन आई व्हायला शिकतंय. घाबरतं, म्हणून तालीम करतं."

"म्हंजे अपशकुन नाय?"

"नाही गं. वाईट स्वप्नं पडली म्हणून बाळंतपण वाईट होत नाही. ठोके घड्याळासारखे आहेत तुझ्या बाळाचे."

"पन ती बाई?"

नर्सनं नळी पुसून ठेवली. "काहींना त्यांची मेलेली आजीसुद्धा दिसते," ती म्हणाली. "आधाराला कुणी तरी हवं असतं."

तुळसाला धीर आला. त्या दिवशी ती पोटभर जेवली. प्रयागबाईनं मात्र आपल्या परीनं कुंडाच्या देवीला नवस बोलला : लेकरू सुखरूप दे, सव्वा महिन्यानं कुंडाची खणानारळानं ओटी भरीन.

माघात भर दुपारी मुलगी झाली. खणखणीत रडली. नाव रखमा. सव्वा महिना झाल्यावर प्रयागबाईनं ओटी भरली; तुळसानं रखमाला घट्ट छातीशी धरलं होतं, दगडाला पदरसुद्धा लागू दिला नाही. होळीला सहदेव आला, लेकीला झबलं घेऊन. ते स्वप्न पुन्हा कधी पडलं नाही. आठवण राहिली ती माहेरच्या त्या पहाटांची, आवडीच्या थट्टेची. आणि ती किती गोड होती!

पाच वर्षं गेली. कुडपणला अंगणात तुळसा नाचणी पाखडत होती. रखमा शेजारी चिंधीची बाहुली निजवत होती, अंग डोलवून. निजवता निजवता म्हणाली,

"आये, तू मला दगडावर ठेवून जायचीस ना, तवा मी रडायची नाय."

तुळसाचा हात थांबला. हे तिनं लेकीपुढं कधी काढलं नव्हतं. "कुनी सांगितलं तुला?"

"कुनी नाय. ती बाय घ्यायची ना मला. म्हनायची, रडू नको गो, तुजी आय इसरत नाय, तिला जाग येते."

वारा पडला होता. नाचणीचा भुसा होता तिथंच राहिला.

"आनी काय म्हनायची?" तुळसानं कसंबसं विचारलं.

रखमानं बाहुली आपल्या मांडीवरून उचलली, बाजूला ठेवली आणि मांडी हातानं झाडून साफ केली.

"काल म्हनाली, आता तू खाली उतर. दुसरं येतंय."

तुळसाला पाळी चुकून जेमतेम महिना होत होता. अजून तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.