आभाराच्या भाषणातली शेवटची ओळ

"एका पानावर त्रेसष्ट नावं? अहो, सगळ्यांचेच आभार मानलेत, मग टाळ्या वाजवायला कोण उरलं?"

सुचितानं असं विचारलं आणि समोरचा तरुण हसला... तिथंच बिनसलं म्हणा, किंवा जुळलं म्हणा!

तो ऋषी. आखातातल्या एका मराठी मंडळाचा कार्यवाह, सुटीवर नेरुळला घरी आलेला. मंडळाच्या वार्षिक संमेलनाची स्मरणिका छापायची होती. तिकडे मराठी अक्षरजुळणी कोण करणार? म्हणून दरवर्षी ती इकडेच छापायची आणि संमेलनात नाटक करायला जाणाऱ्या कलाकारांच्या बॅगांतून थोडी थोडी न्यायची. शहाण्णव सालचं हे काम वाशीच्या या डीटीपीच्या दुकानात, सुचिताच्या टेबलावर आलं होतं.

"एकही नाव गाळू नका हां," ऋषी म्हणाला. "मागच्या वर्षी भोजन समितीतल्या एका काकूंचं राहिलं. त्यांनी वर्षभर मंडळासाठी एक भजं तळलं नाही!"

"आणि तुमचं नाव?"

"आभार मानणाऱ्याचे आभार कोण मानतं?"

"बिच्चारे!" असं म्हणून ती गालातल्या गालात हसली.

तीन आठवडे प्रुफं तपासणं चाललं होतं. खरं तर दोन दिवसांचं काम! पण ऋषीला रोज नवी चूक सापडे आणि सुचिताला ती रोज पटे. संध्याकाळी खाडीकाठी भेळ... तिच्या केसांत अडकलेला कागदाचा कपटा त्यानं हळूच काढणं... आणि मग दोघांनीही उगाच पाण्याकडे बघणं.

संमेलनाच्या शेवटी आभाराचं भाषण कार्यवाहानंच करायचं, हा मंडळाचा रिवाज. आणि स्टेजवर गेलं की ऋषीची बोबडी वळायची. मग सुचितानंच ते लिहून दिलं. आधी हॉल देणारी शाळा, मग जाहिरातदार, कलाकारांना आपल्या घरी उतरवून घेणारी कुटुंबं, रंगमंच समिती, भोजन समिती, मुलांचे नाच बसवणारी बाई. अगदी शेवटी 'ज्ञात-अज्ञात मदतनीस'. कुठं थांबायचं तेही तिनं पेन्सिलीनं दाखवलं.

ऋषीनं कागद ओढून घेतला आणि 'ज्ञात-अज्ञात'च्या आधी स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली: 'आणि सुचिता देवजी कोळी, जिच्यावाचून ही स्मरणिका झाली नसती, आणि माझंही पुढं काही व्हायचं नाही.'

"वेडा आहेस का!" सुचिता लालेलाल.

"यंदा आई-बाबा तिकडे येतायत. पहिल्या रांगेत असतील. घरात सांगितलं तर आई म्हणेल, सारसोळ्याच्या कोळीवाड्यातली मुलगी नको. पण चारशे माणसांसमोर नाव घेतलं ना... की मग तिलाही माघार नाही, मलाही नाही."

"घेशील?"

"शपथ!"

ऑगस्टात सुटी संपवून ऋषी परत गेला. डिसेंबरात, संमेलन झाल्यावर, कुणीतरी तिकडून त्याची व्हिडिओ कॅसेट आणून दिली. शेजारच्यांचा व्हीसीआर मागून आणला. मासळी विकून आलेली पुतळा, सुचिताची आई, हात धुऊन लेकीशेजारी बसली. लेकीनं तिला सगळं सांगितलं होतं.

पडद्यावर ऋषी आला. कोट छान दिसत होता. सुचिताचंच वाक्य, सुचिताचाच विराम. शाळा झाली, जाहिरातदार झाले, कुटुंबं झाली. भोजन समितीतल्या काकूंनाही टाळ्या मिळाल्या.

"तुजं नाव कवा येनार गं?" पुतळानं विचारलं.

"आता. ह्याच्यापुढं."

ऋषी थांबला. त्यानं कागदाकडे पाहिलं, मग पहिल्या रांगेकडे. पाणी प्यायला.

"...आणि ज्ञात-अज्ञात सर्वांचे मनःपूर्वक आभार. अनवधानानं कुणाचं नाव राहिलं असल्यास क्षमस्व!"

टाळ्या कडाडल्या. सुचिताला वाटलं, कुणी भर बाजारात आपल्या थोबाडीत मारली.

"बाय, तुजं नाव त्यानं घेतलंच नाय," पुतळा म्हणाली.

"अज्ञात म्हणाला ना आई. त्यात होते मी."

मेल्याला लाज तरी वाटावी! पुढच्याच आठवड्यात दुकानात त्याचा फोन.

"सुचिता, ऐक ना... आई अगदी समोर बसली होती गं. धीरच झाला नाही. पुढच्या वर्षी नक्की..."

"अनवधानानं राहिलं म्हणालास. अनवधानानं?"

तो पुन्हा 'अगं, ऐक...' म्हणू लागला; तिनं त्याला तोडलं.

"नाव घेतलं नाहीस याचं मला काही नाही, ऋषी. पण ज्यांची ज्यांची घेतलीस, त्यांतलं कुणीही त्या एका ओळीची वाट बघत जगत नव्हतं. मी चार महिने जगत होते. आता फोन करू नकोस."

तिनं रिसीव्हर ठेवला. मालक बघत होते, गिऱ्हाईकं बघत होती. कुणाचीही पर्वा न करता सुचिता तिथंच, कीबोर्डवर डोकं टेकून, ढसाढसा रडली.